उलट फेरीतले नऊ मायक्रॉन

बेंच सेंटरवर मँड्रेल चढवलेली असते आणि मँड्रेलवर बिडाचा बुश. तपासणारा माणूस स्टँडवरचा डायल खाली आणतो, प्लंजरचं टोक बुशला टेकवतो आणि मँड्रेल हाताने सावकाश फिरवतो. काटा थोडा चढतो, थोडा उतरतो. चढलेल्या आणि उतरलेल्या टोकांमधलं अंतर म्हणजे रनआउट. ड्रॉइंगमध्ये तो जास्तीत जास्त ०.०२ मिलिमीटर चालेल असं लिहिलेलं आहे, म्हणजे वीस मायक्रॉन. काटा दीड घराच्या किंचित पुढे, सोळा मायक्रॉनपर्यंत हलतो. बुश पास होतो. खरा रनआउट मात्र पंचवीस मायक्रॉन असू शकतो, आणि तरीही त्या डायलवर कॅलिब्रेशनचं ताजं हिरवं स्टिकर असू शकतं.

हे कसं घडतं ते समजायला डायलच्या पोटात डोकवावं लागतं. नेहमीच्या ०.०१ मिलिमीटरच्या डायलमध्ये प्लंजरवर दाते कापलेले असतात. प्लंजर वर गेला की हे दाते एक छोटी पिनियन फिरवतात, पिनियनच्या दांड्यावरचं मोठं चाक मधल्या पिनियनला फिरवतं आणि तिच्यावर काटा बसवलेला असतो. प्लंजर एक मिलिमीटर सरकला की काट्याचा एक पूर्ण फेरा होतो. घड्याळातल्यासारखी एक नाजूक हेअरस्प्रिंग दात्यांमधली ढिलाई एका बाजूला दाबून धरते. प्लंजरवर चिकट थर बसला किंवा हेअरस्प्रिंग मलूल झाली, की काटा मागे रेंगाळू लागतो. चढताना तो खऱ्या मापापेक्षा कमी दाखवतो, उतरताना जास्त. वरचं टोक कमी आणि खालचं टोक जास्त दिसल्यावर दोन्हींतला फरक आक्रसतो. म्हणजे असा डायल रनआउट लपवतो. चांगला माल नापास झाला असता तर कुणीतरी लगेच ओरडलं असतं. इथे खराब माल मुकाट्याने पुढे जातो.

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीसारख्या भागात, जिथे फाउंड्रीतलं बिडाचं कास्टिंग आणून त्यावर मशिनिंग करणारी लहान युनिटं पुष्कळ आहेत, तिथलं एक युनिट डोळ्यांसमोर आणू. डायल अठरा, क्वालिटीत माणसं दोन. ऑडिटच्या वेळी दाखवायला कॅलिब्रेशनची एसओपी आहे, पण ती कुठून तरी उतरवून घेतलेली. तिच्यात लिहिलंय : ‘डायल स्टँडला लावावा, स्लिप गेजच्या साहाय्याने प्रत्येक मिलिमीटरला रीडिंग घ्यावं, मर्यादेत असल्यास स्टिकर लावावं.’ वाचायला यात काही वावगं नाही. तरीही आपला बुशवाला डायल, त्याला डी-०७ म्हणू, या एसओपीतून दरवेळी सुटणार. याला कारणं दोन आहेत, आणि दोन्ही त्या एकाच वाक्यात दडलेली आहेत.

पहिलं कारण ‘प्रत्येक मिलिमीटरला’ या शब्दांत. पिनियन अगदी किंचित जरी आसाबाहेर बसली असेल तर तिची चूक प्रत्येक फेऱ्यात वाढते आणि फेरा पूर्ण होताना पुन्हा शून्यापाशी येते. मिलिमीटरच्या खुणेवर काटा नेहमी त्याच जागी असतो, त्यामुळे फेऱ्याच्या मध्यावर काय चाललंय ते कधी दिसतच नाही. बुशचा रनआउट तर दोन-तीन घरांचा. त्या कामात डायल दहा मिलिमीटर कधी धावतच नाही, एका फेऱ्याच्या छोट्याशा तुकड्यात पुढेमागे होतो. मग तपासणीही तिथेच दाट हवी. म्हणून नव्या एसओपीत लिहायचं, की पहिल्या दोन फेऱ्यांत दर ०.१ मिलिमीटरला रीडिंग, तिथून पाचव्या फेऱ्यापर्यंत दर अर्ध्या फेऱ्याला आणि पुढे दहापर्यंत दर फेऱ्याला. एकूण बत्तीस खुणा होतात, शून्य धरून. हात बसला की याला फार वेळ लागत नाही.

दुसरं कारण जास्त खोल आहे. स्लिप गेज बदलताना प्लंजर उचलावा लागतो आणि नव्या गेजवर खाली सोडावा लागतो. म्हणजे प्रत्येक रीडिंगला काटा उतरतच येऊन थांबतो. शून्यही तसंच लावलेलं असतं. चढताना आणि उतरताना पडणारा फरक या पद्धतीत मुळात मोजलाच जात नाही. स्लिप गेज कितीही उत्तम असोत, त्यात त्यांचा दोष नाही.

त्यासाठी लागतो डायल कॅलिब्रेशन टेस्टर. हा म्हणजे एक उभा स्टँड. खाली मोठ्या ड्रमचा मायक्रोमीटर, ज्याचं एक घर एका मायक्रॉनचं, आणि वर डायल पकडायची जागा. ड्रम फिरवला की मायक्रोमीटरचा दांडा प्लंजरला न सोडता वर ढकलतो, आणि उलटा फिरवला की त्याला टेकूनच प्लंजर खाली येतो. टेस्टर स्वतः वर्षातून एकदा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊन येतो. त्याच्या प्रमाणपत्रावरची चूक आणि अनिश्चितता पाहून मगच त्याच्यावर डायल तपासायचे.

आता एसओपी लिहायला घेतली की खरी अडचण सुरू होते, कारण जे हाताला सवयीचं असतं ते शब्दांत येत नाही. ‘डायल शून्यावर लावा’ हे वाक्य घ्या. एक जण प्लंजर पूर्ण बाहेर असतानाच, काटा जिथे विसावतो तिथे बेझल फिरवून शून्य करतो. दुसरा आधी प्लंजर थोडा दाबतो आणि मग शून्य करतो. पहिल्याची सुरुवातीची रीडिंग बेभरवशाची, कारण त्या टोकाला दात्यांवरचा ताण अजून बसलेला नसतो. दोघांनी एकच डायल तपासला तरी आकडे जुळणार नाहीत, आणि दोघंही म्हणतील की एसओपीप्रमाणेच केलं. म्हणून वाक्य असं हवं : ‘ड्रम पुढे फिरवून प्लंजर सुमारे ०.२ मिलिमीटर दाबा, त्याच दिशेत थांबा, काटा आणि टेस्टर दोन्ही शून्य करा.’

तीच गोष्ट रीडिंगची. टेस्टर ०.५०० वर ठेवून डायल वाचायला गेलं तर काटा दोन रेघांच्या मधे कुठेतरी असतो, आणि दहा मायक्रॉनच्या घरातले चार मायक्रॉन डोळ्यांनी ओळखणं हा अंदाजच. उलट करावं : काटा रेघेवर बरोबर आणावा आणि मायक्रॉन टेस्टरच्या ड्रमवर वाचावेत. डोळा काट्याच्या अगदी समोर हवा. काटा रेघेच्या पुढे गेला तर तिथूनच मागे आणायचा नाही. बराच मागे नेऊन पुन्हा त्याच दिशेने यायचं, नाहीतर चढतीच्या रकान्यात उतरतीचं रीडिंग शिरतं. आणि चुकीचं चिन्ह कसं धरायचं तेही लिहून ठेवायचं : डायलचं माप वजा टेस्टरचं माप.

डायल पकडण्याबद्दल दोन ओळी पुरतात. स्टेमचा स्क्रू जोरात आवळला तर स्टेम दबते आणि आतला प्लंजर घासू लागतो, म्हणून आवळल्यावर प्लंजर बोटाने उचलून सोडून पाहायचा. डायल तिरपा राहिला तर तो जास्त दाखवतो. दोन अंशांच्या तिरपेपणाने दहा मिलिमीटरमागे सहा मायक्रॉन जातात, आणि दोन अंश नुसत्या नजरेला सहसा कळत नाहीत. तापमानाची मात्र इथे फार धास्ती नको. मापनाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि शॉपमध्ये तीस असू शकतं, पण दहा मिलिमीटर पोलाद दहा अंशांनी फक्त एक मायक्रॉनभर वाढतं. शिवाय डायल आणि टेस्टर दोन्ही पोलादी असल्याने दोघं बरोबरच वाढतात. डायल तासभर टेस्टरशेजारी ठेवला म्हणजे पुरे.

आता डी-०७ टेस्टरवर चढवू. मर्यादा युनिटने आपल्या कामावरून ठरवल्या आहेत : सगळ्या रीडिंगमधली सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान चूक यांतला फरक पंधरा मायक्रॉनपर्यंत, आणि एकाच खुणेवर चढती-उतरतीतला फरक पाचपर्यंत. चढतीला १.० वर चूक उणे एक, २.० वरही उणे एक. जुन्या एसओपीने इथेच समाधान मानलं असतं. पण १.५ च्या रेघेवर काटा आला तेव्हा टेस्टर १.५०५ दाखवतो, म्हणजे उणे पाच. अर्ध्या फेऱ्यावर चार मायक्रॉनची लाट आहे, ती चालण्यासारखी. मग ड्रम उलटा फिरवत परत यायचं. काटा पुन्हा १.५ वर आला, टेस्टरवर १.४९६. म्हणजे अधिक चार. एकाच रेघेवर जाता-येता नऊ मायक्रॉनचा फरक. एकूण चूक पंधराच्या आत आहे, तरी डायल नापास.

इथे हात शिवशिवतात. प्लंजर पुसावा, थेंबभर तेल सोडावं, पुन्हा लावावा. तेल हेच बहुधा मूळ दुखणं असतं : कुणीतरी कधीतरी अडकणाऱ्या प्लंजरला तेल दिलेलं असतं, त्यावर बिडाची भुकटी बसते आणि त्याचा डिंक होतो. म्हणून एसओपीत ठळक लिहायचं, की डायलला हात लावण्याआधीची रीडिंग प्रथम नोंदवा. साफसफाई त्यानंतर. प्लंजर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचा, कोरडा होऊ द्यायचा, तेल अजिबात नाही. डी-०७ पुसल्यावर फरक तीन मायक्रॉनवर आला. हे ‘नंतर’च्या रकान्यात. फक्त ही दुसरी रीडिंग ठेवली असती तर कागदावर डायल कधी बिघडलाच नव्हता.

आणि बिघडला होता हे कळणं गरजेचं आहे, कारण मागच्या कॅलिब्रेशनपासून या डायलने पास केलेला माल आहे. आयएसओ ९००१ हीच विचारणा करतं : उपकरण चुकीचं निघालं तर आधीच्या मापांचं काय? लहान युनिटला सगळा माल परत मोजणं परवडत नाही, आणि तशी गरजही नाही. डायल जास्तीत जास्त नऊ मायक्रॉन लपवत होता. म्हणजे ज्या बुशचा नोंदलेला रनआउट अकरा मायक्रॉन किंवा कमी, त्याचा खरा रनआउट वाईटात वाईट धरला तरी वीसच्या आत बसतो. प्रश्न अकरापेक्षा जास्त नोंद असलेल्यांचा. शॉपमधलं वाचन अर्ध्या घराचं, म्हणून दहाच्या वरचे सगळे बाजूला काढायचे आणि चांगल्या डायलने पुन्हा मोजायचे. त्यांतले जे ग्राहकाकडे गेले असतील त्यांचे बॅच नंबर कळवायचे. पण हे सगळं तेव्हाच जमतं, जेव्हा तपासणीच्या कागदावर नुसतं ‘ओके’ नसून आकडा आहे आणि शेजारी डायलचा नंबर आहे. म्हणून कॅलिब्रेशनची एसओपी लिहिताना तपासणीच्या कागदातही एक रकाना वाढतो.

शेवटी ती एसओपी लिहिणाऱ्याने नव्हे, तर दुसऱ्याने, एकही प्रश्न न विचारता, नुसती वाचून एका डायलवर करून पाहायची. दोघांच्या आकड्यांत दोन मायक्रॉनपर्यंत फरक चालेल. जास्त आला तर ज्या पायरीवर तो पडला, तिथलं वाक्य पुन्हा लिहायचं. डी-०७ वर आता नवं स्टिकर आहे, त्यावरची पुढची तारीख सहाऐवजी तीन महिन्यांनंतरची, आणि त्याच्या डबीत एक चिठ्ठी : तेल घालू नये, पडल्यास लगेच क्वालिटीत आणावा.