कपबशी आधी, हात नंतर

मावशी उभी आहे, भाचा खुर्चीत बसला आहे. दोघं बोलताहेत आणि बोलता बोलता मावशी त्याच्या हातात चहाची कपबशी देते. खरे नट असतील तर दिग्दर्शकाला या तीन सेकंदांसाठी काही सांगावंही लागत नाही. थ्रीडी अ‍ॅनिमेशनमध्ये मात्र हीच तीन सेकंदं अवघड जातात. मावशीची नजर भाच्याच्या कानाजवळून मागच्या भिंतीवर जाते, बोटं बशीच्या आत शिरतात आणि हात बदलताना कप टुणकन उडी मारतो. दोन्ही पात्रं वेगवेगळी पाहिली तर चांगली दिसतात. चूक असते ती त्यांच्यामधल्या जागेत. म्हणून अशा दृश्यात माणसांच्या आधी त्यांच्यामधल्या गोष्टी पक्क्या कराव्या लागतात: नजर टेकते ती जागा, हात टेकतो ती जागा आणि दिली जाणारी वस्तू.

आधी नजरेचं पाहू. संगणकातल्या पात्राच्या डोळ्यांसमोर एक अदृश्य बिंदू ठेवलेला असतो आणि बुबुळं कायम त्या बिंदूकडे वळतात. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम `Damped Track` नावाची जोडणी करते. मावशीचा बिंदू हवेत नुसता सोडून न देता भाच्याच्या डोकीच्या हाडाला, नाकाच्या वरच्या टोकापाशी बांधावा. मग भाचा मागे रेलला तरी मावशीची नजर त्याच्यावरच राहते. बिंदू किती लांब आहे यालाही महत्त्व आहे. माणसाच्या दोन डोळ्यांमध्ये साधारण ६ सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे एक मीटरवरचा चेहरा पाहताना प्रत्येक डोळा किंचित, दोनेक अंशांनी, आत वळतो. बिंदू भाच्याच्या खूप मागे गेला की हे वळणं नाहीसं होतं, आणि मावशी त्याच्या आरपार पाहते आहे असं वाटतं. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण मावशीचं लक्ष नाही हे त्याला लगेच कळतं.

उंचीतही असाच घोटाळा होतो. उभ्या मावशीचे डोळे जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर आणि बसलेल्या भाच्याचे ११५ वर असतील, तर एक मीटर अंतरावरून ती साधारण १७ अंश खाली पाहील आणि तो तेवढाच वर. दोघांचे चेहरे वेगवेगळ्या शॉटमध्ये जवळून दाखवले, तरी हा कोन तोच राहायला हवा. दृश्याच्या मध्यावर मावशी समोरच्या खाटेवर बसली आणि भाच्याचा क्लोजअप जुन्याच कोनात राहिला, तर तो तिच्या डोक्यावरच्या फोटोशी बोलत असल्यासारखा दिसतो. तपासायची सोपी पद्धत अशी: भाच्याच्या डोळ्यांच्या जागी एक तात्पुरता कॅमेरा ठेवा आणि त्यातून मावशीकडे पाहा. ती तुमच्याकडे पाहत असेल तर हिशोब बरोबर आहे. तरीही शेवटचा निर्णय मुख्य कॅमेऱ्याचाच. कार्टूनसारखे मोठे डोळे असले की गणितानं अचूक असलेली नजरही बाजूनं तिरकी दिसते. अशा वेळी बिंदू दोन-चार सेंटिमीटर सरकवून डोळ्यांना पटेल तसा ठेवावा.

आता स्पर्श. मावशी कपबशी देण्याआधी भाच्याच्या खांद्यावर डावा हात ठेवते असं समजा. तिच्या हाताची जागा खोलीच्या मापानं ठरवलेली असेल, तर भाच्यानं श्वास घेतला की खांदा वर येतो आणि हात तिथेच राहतो. मग तळवा कापडावरून घसरतो किंवा खांद्यात रुततो. म्हणून हात टेकल्यापासून उचलेपर्यंत तो खांद्यालाच बांधलेला हवा. शिवाय खांद्यानंही त्या हाताची दखल घ्यायला हवी. हात पडल्यावर खांदा अर्धा सेंटिमीटर दबला आणि बोटांखाली गडद सावली पडली, की हाताला वजन येतं.

देवाणघेवाणीत मात्र सवयीनं पहिली चूक होते. पहिला विचार सुचतो तो असा: कपबशी आधी मावशीच्या हाताला बांधावी, मग सोडवून भाच्याच्या हाताला बांधावी. ब्लेंडरमध्ये `Child Of` वापरून हे करता येतं. पण बदलाच्या फ्रेमवर `Set Inverse` नीट बसलं नसेल तर कप उडी मारतो, आणि बांधणीचा जोर हळूहळू कमी-जास्त होऊ दिला तर कप दोन हातांच्या मध्ये तरंगतो. शिवाय ज्या क्षणी दोघांनीही बशी धरलेली असते, तो क्षण या पद्धतीत नीट दाखवताच येत नाही. माणसं वस्तू देतात तेव्हा हा दोघांनी धरण्याचा काळ असतोच. घेणाऱ्याचा हात भार उचलू लागला हे बोटांना कळल्याशिवाय देणारा पकड सोडत नाही.

उपाय असा की कपबशी कुणाच्याच हाताला बांधू नये. तिचा प्रवास आधी स्वतंत्रपणे आखावा आणि दोघांचे हात तिला बांधावेत. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर आखणी अशी होईल. फ्रेम १० ला मावशीची नजर भाच्यावरून कपावर येते, कारण कप भरलेला आहे. फ्रेम १४ ला ती किंचित वाकते आणि कपबशी पुढे निघते. फ्रेम २० ला भाचा कपाकडे पाहतो आणि चार फ्रेमनंतर हात उचलतो. डोळे आधी, हात नंतर. फ्रेम ३८ ला त्याचा अंगठा बशीच्या कडेवर आणि बोटं बशीखाली येतात, मावशीनं धरलेल्या कडेच्या बरोबर समोरच्या बाजूला. तिथून ४८ पर्यंत दोन्ही हात बशीलाच बांधलेले असतात. याच दहा फ्रेममध्ये भार एका हातातून दुसऱ्या हातात जातो, म्हणून बशी एक सेंटिमीटर खाली येते आणि भाच्याचं मनगट तेवढंच झुकतं. फ्रेम ४६ ला त्याची पकड बसली आहे याची खात्री झाल्यावर मावशी पुन्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहते. ४८ ला तिची बोटं उघडतात, पण हात लगेच मागे जात नाही. चार-पाच फ्रेम तिथेच, किंचित वर उठून थांबतो. भाच्याची नजर मात्र कपबशी स्वतःजवळ येईपर्यंत तिच्यावरच असते.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. मावशी कपबशी घेऊन स्वयंपाकघरातून चालत येत असेल, तर कपबशीचा मार्ग वेगळा आखणं जिकिरीचं होतं. त्या शॉटमध्ये ती हातालाच बांधावी आणि देण्याचा शॉट वेगळा घ्यावा. कट झाल्यावर कपबशी त्याच हातात असावी आणि कॅमेरा दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या त्याच बाजूला असावा, नाहीतर दोघं अचानक एकाच दिशेला पाहू लागतील.

शेवटची तपासणी फ्रेम ३६ ते ५२ मध्ये करावी. दोन्ही पात्रं लपवून फक्त कपबशी चालवून पाहावी: तिचा मार्ग सलग आणि एकाच वळणाचा दिसला पाहिजे. मध्येच ती अडखळली तर दोष कुठल्याच हाताचा नसतो, मार्गातच असतो, आणि दुरुस्तीही तिथेच करायची असते. मार्ग सलग असूनही हात चुकीचा वाटला, तर मग बोटं बशीच्या कडेवर नेमकी कुठे टेकली आहेत ते पाहावं. याच क्रमानं गेलं की एका हाताची दुरुस्ती करताना दुसरा हात बिघडत नाही.