धुराबद्दलचं पत्र कुणाला लिहायचं?

ऊसपट्ट्यातल्या वर्तमानपत्रांत हिवाळा लागला की वाचकांच्या पत्रांत एक पत्र हमखास येतं. शेतकरी पाचट जाळतात, धूर गावात येतो, लहान मुलांना खोकला होतो, तरी प्रशासनाने लक्ष द्यावे. तक्रार खरी असते. पण किती जळलं, केव्हा जळलं आणि का जळलं याचा पत्रात पत्ता नसतो, म्हणून त्याचं पुढे काही होत नाही.

आधी ‘किती’ ते पाहू. ऊस तुटून गेला की एकरी साधारण तीन ते चार टन पाचट मागे राहतं. एक किलो पाचट जळताना अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे फुप्फुसात खोलवर उतरणारे कण, ढोबळ मानाने तीन ग्रॅम तरी हवेत जातात. तीन टनांचे झाले नऊ किलो. आपल्याकडे या कणांची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली झाकण घातल्यासारखी अडकते. हे झाकण शंभर मीटरवर आहे असं धरलं, तर एका एकराचा धूर जवळपास दीड चौरस किलोमीटरवरची हवा एकटाच त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतो. दुपारी ऊन तापून हवा वर उठते, तेव्हा तोच धूर कितीतरी पातळ होतो. जाळणारे मात्र बहुधा वारा पडल्यावर, संध्याकाळी काडी लावतात, कारण वाऱ्यात आग शेजारच्या उभ्या फडात शिरायची भीती असते.

आता हेच गणित पत्र लिहिणाऱ्याच्या सोसायटीला लावू. माळी सकाळी झाडलेला वीस किलो पालापाचोळा कोपऱ्यात पेटवतो. दव पडलेली पानं भडकत नाहीत, धुमसतात. धुमसण्यात जळण अर्धवट होतं आणि धूर पांढरा, दाट निघतो. इथे किलोमागे दहा ग्रॅम कण धरणं मुळीच जास्त नाही. म्हणजे दोनशे ग्रॅम, आणि त्याच झाकणाखाली आठेक एकरांची हवा. तीही नेमकी सकाळी फिरायला निघालेल्या लोकांच्या नाकाच्या उंचीवर. हवेचा रोजचा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर निघत असल्याने हा सात ते आठचा तास त्यात विरून जातो. म्हणूनच पत्रात तारखेइतकीच वेळ महत्त्वाची.

कचरा उघड्यावर जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने अल्मित्रा पटेल यांच्या प्रकरणात डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला पाच हजार, मोठ्या ढिगाला पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. सोसायटीपुरता हा आदेश पुरेसा आहे, कारण तिथे खड्डा खणून पानं कुजवायला कुणाचं काही अडत नाही. अडतो तो फक्त आळस.

शेतकऱ्याचं तसं नाही. पाचट पसरलेलं असेल तर सरीत पाणी पुढे सरकत नाही, त्याच्या धारदार कडांनी मजुरांचे हात कापतात, उंदीर माजतात, आणि खोडव्याची मशागत तर लगेच करायची असते. शिवाय पाचट ठेवून बघितलेले काहीजण सांगतात की खोडवा पिवळा पडला. तेही खोटं नाही. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं. ते कुजवणारे जीवाणू लागणारं नत्र जमिनीतून ओढतात आणि पीक उपाशी राहतं. फुटवे निघताना पानं फिकट दिसू लागली, की हेच झालंय असा संशय घ्यावा.

त्यावर तोडगा जुनाच आहे. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट सरीत दाबायचं आणि टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जीवाणू संवर्धक टाकून पाणी द्यायचं. तीन टनांना युरिया होतो चोवीस किलो, म्हणजे अर्ध्या पोत्याच्या आसपास. ओल टिकली तर चारेक महिन्यांत पाचटाचं खत होऊ लागतं. खरा खर्च आहे तो बुडखे छाटायला आणि पाचट दाबायला लागणाऱ्या मजुरीचा. ऊसतोड टोळी फड रिकामा करून पुढे गेलेली असते आणि हे काम करायला गावात माणूस मिळत नाही.

मग पत्र असं लिहावं: अमुक तारखेला, संध्याकाळी साडेसहा ते आठ, अमुक गटातलं पाचट जळालं, वारा पडलेला होता, आणि धूर सकाळी नऊपर्यंत वस्तीत होता. मागणी तहसीलदारांकडे दंडाची नको, साखर कारखान्याकडे हवी. ऊसतोडीचा कार्यक्रम कारखानाच आखतो. कोणत्या गटात टोळी कधी जाणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. त्याच यादीप्रमाणे, टोळी उठली की दोन दिवसांत पाचटाची कुट्टी करणारं यंत्र तिथे पाठवावं आणि त्याचं भाडं उसाच्या बिलातून कापून घ्यावं.