‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडलेला धडा आणि अंगावरून पांढरं जाण्याची भीती

बीड : दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 या पुस्तकात तिसरा धडा आहे, ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग 2’. माणसाचं प्रजनन, मासिक पाळी हे सगळं त्यात आहे. पण हा धडा आला की अनेक वर्गांत एकच वाक्य ऐकू येतं, ‘हे घरी वाचून घ्या, परीक्षेला आकृती येते.’ आणि घरी तर कुणीच बोलत नाही.

शिक्षकांची अडचण खोटी नाही. पुस्तकातले शब्द संस्कृत आणि गावातले शब्द शिवीचे. मधले, साधे शब्द कुणी शिकवलेलेच नाहीत. समोर मुलं-मुली एकत्र, मागच्या बाकावर हसू, आणि संध्याकाळी एखादा पालक शाळेत येऊन विचारणार, ‘सर, हे काय शिकवताय?’ त्यापेक्षा पान उलटलेलं बरं, असं वाटतं.

पण न सांगितलेल्या गोष्टीची किंमत बीड जिल्ह्याने मोजली आहे. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या आकडेवारीनुसार, पाहणी केलेल्या 82 हजार 309 ऊसतोड महिलांपैकी 13 हजार 861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. फडावर पाळीत सुट्टी नाही, खाडा झाला की पैसे कापले जातात, हे त्यामागचं एक कारण. दुसरं म्हणजे पोटदुखी आणि अंगावरून पांढरं जाणं. ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असं ऐकलं की बाई घाबरून ऑपरेशनला तयार होते.

आता वर्गात सांगायची गोष्ट किती छोटी आहे ते बघा. पहिली पाळी येण्याच्या काही महिने आधीपासूनच मुलीला पांढरं किंवा पारदर्शक पाणी जाऊ लागतं. दोन पाळ्यांच्या मध्ये ते थोडं जास्त आणि चिकट असतं. वास नाही, खाज नाही, तर तो आजार नाही. वास येत असेल, खाज सुटत असेल, रंग पिवळा-हिरवा असेल, दह्यासारखं जात असेल किंवा ओटीपोटात दुखून ताप येत असेल, तर तो बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तपासणी करून औषधाने बरा होतो. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. एवढं बाराव्या वर्षी कानावर पडलेली मुलगी तिसाव्या वर्षी डॉक्टरला ‘आधी औषध देऊन बघू का?’ असं विचारू शकते.

मुलांचंही तसंच. झोपेत वीर्य बाहेर येणं वयात येताना नैसर्गिक असतं, त्याने ताकद जात नाही. पण आपल्याकडे त्याचं नावच ‘स्वप्नदोष’. दोष म्हटल्यावर मुलगा आतल्या आत कुढतो, अभ्यासातून लक्ष उडतं, आणि भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातीतला नंबर फिरवतो. मनाचं आरोग्य बिघडायला इथूनही सुरुवात होते.

धडा दहावीत येतो, पण पाळी साधारण बारा-तेराव्या वर्षी येते. शिवाय कारखाने सुरू झाले की कितीतरी मुली आईबापाबरोबर कोयत्यावर जातात, काहींची लग्नंही दहावीआधी होतात. म्हणून हे सहावी-सातवीत, दिवाळीआधीच सांगायला हवं.

केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांनी, शक्यतो एक बाई आणि एक सर, आठवड्याला एक तास घ्यावा असं ठरलेलं आहे. अवघडलेपणावर सोपा उपाय म्हणजे प्रश्नपेटी. कुलूप लावलेला डबा ठेवायचा आणि प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची. प्रश्न नसेल त्याने कोरी टाकायची, म्हणजे कुणी विचारलं ते कळत नाही. बाई-सर चिठ्ठ्या आधी वाचून, उत्तर माहीत नसेल तर आरोग्य केंद्रात विचारून, पुढच्या तासाला सांगतात. सुरुवातीला मुलं-मुली वेगळे बसले तरी चालतं, पण पाळीची माहिती मुलांनाही द्यायलाच हवी. त्याआधी पालकसभेत काय शिकवणार ते सांगून टाकलं की तक्रारी कमी होतात.

याच तासाला लोहाच्या निळ्या गोळीचंही बोलता येतं. ती आठवड्यातून एकदा, जेवणानंतर घ्यायची. लगेच चहा प्यायला की लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. हे आधी सांगितलं नाही तर मुली गोळी गुपचूप फेकून देतात.

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालली, दर तासा-दोन तासाला पॅड भिजलं किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. मन फार खचलं असेल तर टेलीमानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.