पायलट पाहणी आणि नमुन्याचा आकार: चार गैरसमज

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात ६०० विद्यार्थी आहेत. तृतीय वर्षाच्या गटाला प्रकल्पासाठी सर्वेक्षण करायचं आहे. वाचनकक्ष संध्याकाळी आठपर्यंत उघडा हवा असं किती जणांना वाटतं, हा त्यांचा विषय. प्रश्नावली तयार आहे आणि गूगल फॉर्मची लिंक ग्रुपवर टाकायची तेवढी बाकी आहे. पुढचे चार गैरसमज नेमके याच टप्प्यावर आड येतात.

गैरसमज १: चार मित्रांकडून फॉर्म भरून घेतला की पायलट झाली.

वस्तुस्थिती: मित्रांना विषय आधीच ठाऊक असतो, त्यामुळे ते अडखळत नाहीत. पायलटसाठी वेगवेगळ्या वर्गांतले, गावातले आणि बाहेरगावहून येणारे असे वीसेक जण घ्यावेत. त्यातल्या पाच-सहा जणांच्या शेजारी बसावं आणि उत्तर दिल्यावर विचारावं, ‘हा प्रश्न वाचून तुझ्या मनात काय आलं?’

आपल्या उदाहरणातला प्रश्न होता, ‘वाचनकक्ष संध्याकाळी आठपर्यंत उघडा ठेवावा का?’ एसटीने येणारी विद्यार्थिनी ‘नाही’वर खूण करते. कारण विचारल्यावर म्हणते, ‘ठेवला तरी मला काय उपयोग? माझी शेवटची गाडी साडेपाचला.’ वसतिगृहातला विद्यार्थीही ‘नाही’च म्हणतो, पण तो खोलीवरच अभ्यास करतो म्हणून. एकाच खुणेत दोन निराळी उत्तरं दडली आहेत. मग प्रश्नाचे दोन भाग करावे लागतात: ‘संध्याकाळी साडेपाचनंतर तुम्हाला महाविद्यालयात थांबता येतं का?’ आणि ‘थांबता येत असेल, तर वाचनकक्ष वापराल का?’ मूळ प्रश्न सगळ्यांना विचारून झाल्यावर ही चूक दुरुस्त करता येत नाही.

गैरसमज २: पायलटमध्ये भरलेले फॉर्म मुख्य माहितीत मिसळता येतात.

वस्तुस्थिती: प्रश्न बदलला की जुनं उत्तर नव्या प्रश्नाचं राहत नाही. म्हणून ते फॉर्म वेगळे ठेवावेत आणि त्या विद्यार्थ्यांना मुख्य नमुन्यातही घेऊ नये. वीस जणांवरून टक्केवारी काढून ‘कल असा दिसतो’ असंही लिहू नये. पायलटमधून घ्यायच्या गोष्टी तीन: कोणता प्रश्न कळला नाही, फॉर्मला किती वेळ लागला आणि बोलावलेल्यांपैकी किती जणांनी तो खरोखर भरला.

गैरसमज ३: एकूण संख्येच्या दहा टक्के नमुना पुरतो.

वस्तुस्थिती: ६००चे दहा टक्के म्हणजे ६०. एवढ्यांपैकी ४८ टक्के ‘हो’ म्हणाले, तर ९५ टक्के विश्वासपातळीला चूक सुमारे १२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे खरा आकडा ३६ ते ६० यांच्यामध्ये कुठेही असेल. बहुमत बाजूने आहे की विरोधात, हेही त्यावरून सांगता येत नाही. चूक ५ टक्क्यांच्या आत हवी असेल, तर हे सूत्र वापरतात:

```
n = n0 / (1 + (n0 - 1)/N)
n0 = 384.16,  N = 600
n = 234.4
```

म्हणजे २३५ उत्तरं. इथे N ही एकूण विद्यार्थिसंख्या. n0 हा संख्या अफाट असताना लागणारा नमुना. हेच गणित ६०,००० विद्यार्थ्यांसाठी केलं, तर ३८२ उत्तरं पुरतात. लहान महाविद्यालयात दहा टक्के फार कमी पडतात, मोठ्या विद्यापीठात ते विनाकारण जास्त होतात.

गैरसमज ४: २३५ फॉर्म कुठूनही जमले की काम झालं.

वस्तुस्थिती: सूत्राने गृहीत धरलेलं असतं की प्रत्येक विद्यार्थ्याला निवडलं जाण्याची सारखी संधी होती. ग्रुपवरच्या लिंकला ज्यांना विषयात रस आहे तेच उत्तर देतात. असे ४०० फॉर्म आले तरी कल एकांगीच राहतो. त्यापेक्षा सर्व वर्गांची हजेरीयादी एका स्प्रेडशीटमध्ये घ्यावी, पायलटमधली नावं काढावीत, शेजारच्या स्तंभात `RAND()` भरून त्यानुसार क्रम लावावा आणि वरची नावं घ्यावीत. किती नावं, याचा अंदाज पायलट देते. तिथे २० पैकी १५ जणांनी फॉर्म भरला असेल, तर २३५ला ०.७५ने भागून ३१४ नावं निवडावीत. जे उत्तर देत नाहीत त्यांना वर्गात जाऊन पुन्हा भेटावं. त्यांच्या जागी कँटीनमध्ये भेटेल त्याला घेऊ नये.

एक मर्यादा मात्र आधीच लक्षात घ्यावी. २३५चा आकडा संपूर्ण महाविद्यालयाबद्दल बोलण्यापुरता आहे. निम्म्या विद्यार्थिनी असतील आणि त्यांच्यापुरता वेगळा निष्कर्ष काढायचा असेल, तर त्या भागातली चूक ७ टक्क्यांच्या आसपास जाते. अशी तुलना करायची आहे का, हे नावं निवडण्यापूर्वी ठरवावं आणि करायची असल्यास प्रत्येक गटाचा नमुना स्वतंत्र काढावा.