पॉवर प्रेसच्या संरक्षक यंत्रणेसाठी सुरक्षा अखंडता स्तर व सेफ्टी पीएलसीची निवड

पत्र्याचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्यांत हाताने जॉब भरावयाच्या पॉवर प्रेसवर प्रकाशपडदा व सेफ्टी पीएलसी बसविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. मात्र पीएलसीचा विचार करण्यापूर्वी प्रेसचा क्लच पाहणे आवश्यक ठरते. पिंपरी-चिंचवड परिसरातील लहान वर्कशॉपमध्येही आढळणाऱ्या पिन-क्लचच्या प्रेसमध्ये एकदा पिन गुंतली की रॅम पूर्ण फेरा केल्याविना थांबत नाही. अशा प्रेसवर प्रकाशपडदा व्यर्थ होय. तेथे बंद जाळी किंवा हात आत जाऊच न देणारी डाय हाच उपाय उरतो. पुढील विवेचन मधल्या फेऱ्यात थांबू शकणाऱ्या, हवेवर चालणाऱ्या क्लच-ब्रेकच्या प्रेसपुरते आहे.

प्रथम सुरक्षा अखंडता स्तर, म्हणजेच एसआयएल, ठरवावा लागतो. प्रेससाठीच्या आयएसओ १६०९२ या स्वतंत्र मानकातील अपेक्षा आधी पाहाव्यात. स्तर कोठून येतो हे मात्र आयईसी ६२०६१ च्या परिशिष्टातील कोष्टकावरून अधिक स्पष्ट होते. उदाहरणादाखल मिनिटाला १२ फेरे मारणारी प्रेस घेऊ. कामगाराचा हात प्रत्येक फेऱ्यात डायमध्ये जातो, म्हणून वारंवारितेचे गुण ५. धोकादायक घटना घडण्याची शक्यता बरीच, म्हणून ४. रॅम खाली येताना हात काढून घेणे क्वचितच साधते, म्हणून ३. बेरीज १२ होते. आता प्रश्न इजेच्या तीव्रतेचा. केवळ बोटे जातील असे धरल्यास तीव्रता ३ व स्तर एसआयएल २ येतो. हात निकामी होईल असे धरल्यास तीव्रता ४ व स्तर एसआयएल ३. सारा निर्णय या एका गुणावर टेकलेला आहे, आणि खर्च वाचविण्याच्या भरात येथेच बोटांचा पर्याय निवडला जातो. डायमध्ये संपूर्ण पंजा मावत असेल तर ४ हाच प्रामाणिक गुण होय.

एसआयएल ३ चा अर्थ असा, की संपूर्ण सुरक्षा-कार्यात दर १०० कोटी तासांमागे धोकादायक बिघाड १०० पेक्षा कमी असावेत. एसआयएल २ साठी ही मर्यादा १,००० आहे. पीएलसीवर एसआयएल ३ चे प्रमाणपत्र असले म्हणजे ही अट पुरी झाली, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः पडदा, पीएलसी व क्लच-ब्रेकची हवा सोडणारा व्हॉल्व्ह या तिन्हींची बेरीज मर्यादेत बसावी लागते.

समजा, उत्पादकाने व्हॉल्व्हचे बी-१०-डी मूल्य, म्हणजे १० टक्के नग धोकादायकरीत्या बिघडेपर्यंतच्या हालचाली, २ कोटी दिले आहे. तासाला ७२० फेरे धरता एका व्हॉल्व्हचा दर १०० कोटी तासांमागे ३,६०० बिघाड येतो. हा एसआयएल १ चा पट्टा. म्हणून दोन स्वतंत्र व्हॉल्व्हची, परस्परांवर लक्ष ठेवणारी जोडी लागते. तरीही दोन्ही एकाच कारणाने, उदाहरणार्थ हवेतील पाणी वा गंजाने, अडकण्याची भीती राहते. हा समान कारणांचा वाटा ५ टक्के असेल तर १८० बिघाड येतात व एसआयएल ३ हातचा जातो. चांगला फिल्टर व नियमित देखभाल इत्यादी उपायांनी तो २ टक्क्यांवर आला तर इतर किरकोळ वाटा धरून सुमारे ७५ येतात. पडद्याचे १० व पीएलसीचे २ मिळविता बेरीज ८७ होते. पीएलसीचा वाटा सर्वांत लहान आहे, हे लक्षात घ्यावे. शिवाय दोन पाळ्यांत, वर्षाला ३०० दिवस काम केल्यास २ कोटी हालचाली सुमारे ५.८ वर्षांत पुऱ्या होतात. तत्पूर्वी व्हॉल्व्ह बदलला नाही तर ही आकडेमोड लागू राहत नाही.

मग साधा पीएलसी का चालत नाही? त्याचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन चालूच राहिला तर ते कोणासही कळत नाही. सेफ्टी पीएलसीत दोन प्रोसेसर परस्परांची उत्तरे ताडून पाहतात, आउटपुट क्षणभर बंद करून चाचणी घेतली जाते व फरक दिसताच वीज तोडली जाते. निवडताना दोन व्हॉल्व्हच्या स्थितीवर लक्ष ठेवणारे प्रमाणित प्रोग्रॅम-ब्लॉक त्यात आहेत का, हे पाहावे.

याहून महत्त्वाचा त्याचा प्रतिसादकाल. आयएसओ १३८५५ नुसार हाताचा वेग सेकंदाला २,००० मिलिमीटर धरतात. १४ मिलिमीटर भेदक्षमतेच्या पडद्यासाठी वेग गुणिले एकूण थांबण्याचा काळ एवढे अंतर पुरते. प्रेस १६० मिलिसेकंद, पडदा १५ व पीएलसी २५, एकूण २०० मिलिसेकंद; अंतर ४०० मिलिमीटर. पडदा ४२० मिलिमीटरवर बसविला असता मुभा एकूण २१० मिलिसेकंदांची मिळते. आता याच जागी नेटवर्कवरून दूरस्थ इनपुट घेणारा, ६० मिलिसेकंद लावणारा पीएलसी बसविल्यास ४७० मिलिमीटर लागतात. प्रमाणपत्र तेच, पण पडदा ५० मिलिमीटर अलीकडे राहिला. ब्रेकचे लायनिंग झिजूनही हेच घडते. म्हणून मूळ पीएलसीत थांबण्याचा काळ मोजून प्रेसचा वाटा १७० मिलिसेकंद ओलांडताच पुढचा फेरा रोखण्याची सोय ठेवावी लागते. हा काळ रॅम खाली येत असताना, त्याचा वेग सर्वाधिक असलेल्या स्थानी व सर्वांत जड डाय बसवून मोजावा.