विटा उरल्या, पण सिमेंट संपलं! : हजार विटांना किती पोती आणि किती वाळू?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. एका ताईंनी दुसऱ्यांदा अंतर्गत कर्जाची मागणी केली. घराला लागून दहा बाय बाराची एक खोली त्या बांधत होत्या. गवंडी म्हणाला होता, "नऊ इंची भिंत, एकास सहाचा माल, बारा पोती पुरतील." पण भिंत सात-सव्वासात फुटांवर गेली आणि बारा पोती संपली. वरचे थर बाकी होते. बैठकीत लगेच कुजबुज सुरू झाली, गवंड्याने पोती विकली असणार. ताईही रडवेल्या झाल्या, कारण गवंडी त्यांच्याच भावकीतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघीजणी टेप घेऊन त्या भिंतीपाशी गेलो. गवंड्याने पोतं विकलेलं नव्हतं. सिमेंट भिंतीतच गेलं होतं. ते कसं, हे समजायला आधी हजार विटांचा हिशोब समजून घेऊ. मी समाजकार्य शिकलेय, बांधकाम नाही. हा हिशोब मी एका जुन्या गवंडीकाकांकडून आणि एका ओव्हरसियर साहेबांकडून शिकले. तुम्हालाही सहज जमेल.

हजार विटांना माल किती लागतो?

आपल्याकडची भट्टीची वीट साधारण नऊ इंच लांब, सव्वाचार इंच रुंद आणि तीन इंच जाड असते. दोन विटांमधला सांधा १० मिलिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीच्या जाडीएवढा हवा. अशा हजार विटांची नऊ इंची भिंत बांधली तर ती साधारण ८३ घनफूट भरते. त्यात विटा ६६ घनफूट असतात. राहिलेले १७ घनफूट म्हणजे सांध्यांतला माल. विटेच्या खाचेत जाणारा आणि खाली सांडणारा माल धरला की ओला माल २१ ते २२ घनफूट लागतो.

आता एक गंमत बघा. कोरडी वाळू आणि सिमेंट कालवलं की ते बसतं, आकाराने कमी होतं. चार वाट्या रवा आणि एक वाटी साखर मिसळली की पाच वाट्या भरत नाहीत, तसंच. म्हणून २२ घनफूट ओला माल हवा असेल तर कोरडं सामान साधारण २८ घनफूट घ्यावं लागतं. हा २८ चा आकडा लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्यावरच आहे.

एकास सहा म्हणजे एक माप सिमेंट आणि सहा मापं वाळू, एकूण सात मापं. २८ ला ७ ने भागा, ४ आले. म्हणजे ४ घनफूट सिमेंट आणि सहापट, म्हणजे २४ घनफूट वाळू. ५० किलोचं एक पोतं सव्वा घनफूट भरतं. ४ ला सव्वाने भागलं की सव्वातीन पोत्यांच्या जवळ येतं. अशाच रीतीने बाकीची प्रमाणं काढली आहेत:

- १:४ ला साडेचार पोती, वाळू साधारण २२ घनफूट
- १:५ ला पावणेचार पोती, वाळू साधारण २३ घनफूट
- १:६ ला सव्वातीन पोती, वाळू २४ घनफूट
- १:८ ला अडीच पोती, वाळू साधारण २५ घनफूट

हे आकडे १००० विटांसाठी, नऊ इंची भिंतीचे आहेत. नीट बघा, वाळू जवळपास तेवढीच राहते. फरक पडतो तो सिमेंटमध्ये. म्हणून वाळूचा ढीग बघून माल कसा कालवला ते कळत नाही. पोती मोजली तरच कळतं.

चार इंची भिंत असेल तर आत उभा सांधा नसतो, त्यामुळे माल पाऊण पटच लागतो. पण अशी भिंत बारीक असते म्हणून तिला १:४ चाच माल वापरतात. तिथे हजार विटांना साडेतीन पोती आणि १७ घनफूट वाळू धरा. नऊ इंची भिंतीला १:६ चालतं. छताचा भार घेणाऱ्या भिंतीला १:८ नको.

मग ताईंची बारा पोती कुठे गेली?

त्यांच्या खोलीचा हिशोब मांडू. आतून दहा बाय बारा फूट. चारही भिंतींची मधोमध मोजलेली लांबी ४७ फूट, उंची ९ फूट. ४७ गुणिले ९ म्हणजे ४२३ चौरस फूट. त्यातून एक दार आणि एक खिडकी मिळून ३३ वजा केले, राहिले ३९०. भिंतीची जाडी नऊ इंच म्हणजे पाऊण फूट. ३९० चे पाऊणपट केले की २९२ घनफूट भिंत. हजार विटांची ८३ घनफूट, तर २९२ घनफुटाला साडेतीन हजार विटा. सव्वातीन पोती गुणिले साडेतीन म्हणजे साडेअकरा पोती. गवंड्याने सांगितलेली बारा पोती बरोबर होती!

चूक सांध्यात निघाली. आम्ही भिंतीवर खालून दहा थर मोजले. सांधा १० मिलिमीटरचा असेल तर विटेचा एक थर सांध्यासकट ३.४ इंच भरतो, दहा थर ३४ इंच. ताईंच्या भिंतीत दहा थर ३६ इंच भरले. म्हणजे सांधा १५ मिलिमीटरचा झाला होता. दिसायला अर्धा सेंटिमीटरचा फरक, पण हिशोबात बघा. हजार विटांना २८ ऐवजी ४० घनफूट कोरडं सामान लागतं. १:६ लाच सव्वातीन ऐवजी साडेचार पोती आणि २४ ऐवजी ३४ घनफूट वाळू.

सांधा जाड झाला की तेवढ्याच भिंतीला विटा थोड्या कमी लागतात. ताईंना साडेतीन हजारऐवजी ३२०० लागल्या. पण पोती साडेअकराऐवजी साडेचौदा लागली आणि वाळू २५ घनफुटांनी वाढली. शेवटी अंगणात तीनशे विटा उरल्या आणि तीन पोत्यांसाठी गटातून कर्ज काढावं लागलं. विटा उरतायत आणि सिमेंट कमी पडतंय, हे दिसलं की आधी सांधा मोजा. संशय नंतर घ्या.

गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला, "विटा वाकड्या आल्या ताई. एक पावणेतीन इंच, एक सव्वातीन. थर सरळ ठेवायचा तर माल जास्त घालावाच लागतो." त्याचंही खरंच होतं. वीट घेताना दहा विटा एकावर एक रचून बघा, साधारण ३० इंच भरायला हव्यात. मग वेगवेगळ्या ढिगांतल्या विटा शेजारी ठेवून जाडी सारखी आहे का तेही बघा. स्वस्त वाकडी वीट पुढे सिमेंटमध्ये पैसे काढते.

वाळू मोजताना

वाळू ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली रिकामी करण्याआधी टेप लावा. लांबी, रुंदी आणि वाळूची सपाट केलेली उंची फुटांत घेऊन गुणाकार करा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद ट्रॉलीत वाळू एक फूट आठ इंच असेल तर बरोबर एक ब्रास.

पण ओलसर वाळू फुगलेली असते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. बारीक वाळू तर चौथाई किंवा त्याहूनही जास्त फुगते. वरचे सगळे आकडे कोरड्या वाळूचे आहेत. ताईंच्या खोलीला कोरडी ८४ घनफूट वाळू पुरेल, पण तीच पंचवीस टक्के फुगलेली असेल तर १०५ घनफूट घ्यावी लागेल.

किती फुगली आहे हे घरीच बघता येतं. सरळ बाजूंच्या डब्यात ओलसर वाळू दोन तृतीयांश भरा आणि उंची मोजा. ती काढून ठेवा, डबा अर्धा पाण्याने भरा, तीच वाळू परत टाका, काठीने ढवळा आणि बसू द्या. पाण्यात वाळू पुन्हा मूळ आकाराला येते. आधी २० सेंटिमीटर होती आणि आता १६ भरली, तर वाळू पंचवीस टक्के फुगलेली होती. मग सहा घमेल्यांच्या जागी साडेसात घमेली घाला. नाहीतर वाळू कमी पडून सिमेंटचं प्रमाण वाढतं आणि पोती लवकर संपतात.

माप आणि रोजची नोंद

सिमेंट सपाट घमेल्याने आणि वाळू शिगोशिग भरून घेतली की १:६ चं १:८ कधी होतं ते कळतही नाही. त्यासाठी सुताराकडून एक खोकं करून घ्या. आतून ३५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद, ४० उंच. त्यात बरोबर एका पोत्याएवढं माप मावतं. एक पूर्ण पोतं सिमेंट आणि सहा खोकी वाळू, वरून फळीने सपाट केलेली. गटाने एक खोकं केलं तर सगळ्यांच्या घरांना फिरवता येईल.

रोज संध्याकाळी दोनच गोष्टी वहीत लिहा: आज किती विटा लागल्या आणि किती पोती रिकामी झाली. १:६ ला ६०० विटांमागे साधारण दोन पोती येतात. तीन गेली तर दहा थरांची उंची मोजा. एकच गेलं तर माल कालवताना उद्या स्वतः उभं राहा. थोडा कमीजास्त फरक रोज पडणारच, पण सलग दोन-तीन दिवस तोच कल दिसला तर काम थांबवून गवंड्याशी बोला. भिंत तीन फुटांवर असताना सांधा सुधारता येतो, सात फुटांवर गेल्यावर नाही.

ताईंची खोली आता उभी राहिली आहे. पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं, "पोती भिंतीतच होती, भाऊजींनी नेली नाहीत." उरलेल्या तीनशे विटा गटातल्याच दुसऱ्या एका ताईंनी गोठ्याच्या गव्हाणीसाठी घेतल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी दहा थर मोजले. चौतीस इंच भरले.