पूरक आहार : शेंगदाणा केव्हा आणि कसा द्यावा?

सहा महिन्यांनंतर केवळ आईच्या दुधातून बाळाची ऊर्जेची व लोहाची गरज भागत नाही. म्हणून स्तनपान चालू ठेवून पूरक आहार सुरू करतात. घोटलेला मूगडाळ-भात चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट असावा. डाळीच्या नुसत्या पाण्याने पोट भरते, पण ऊर्जा फारच कमी मिळते.

अॅलर्जीच्या भीतीने पूर्वी शेंगदाणा उशिरा देत. लंडनमधील ‘लीप’ अभ्यासात (२०१५) तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेली ६४० बालके होती. शेंगदाणा टाळलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची अॅलर्जी आढळली. पहिल्या वर्षापासून नियमित खाणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते.

मात्र अख्खा दाणा किंवा जाडसर कूट श्वासनलिकेत अडकू शकते. म्हणून भाजलेल्या दाण्यांचे अगदी बारीक कूट घ्यावे. बाळ बरे असताना, सकाळी, चमच्याच्या टोकावर मावेल इतके कूट खिमटीत कालवून एक घास द्यावा. दहा मिनिटे थांबून उरलेली खिमट भरवावी व दोन तास लक्ष ठेवावे. त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ देऊ नये.

अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा उलट्या दिसल्यास भरवणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. श्वासाला त्रास झाल्यास किंवा बाळ मलूल पडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. त्रास न झाल्यास शेंगदाणा दर आठवड्याला चालू ठेवावा. तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असल्यास मात्र पहिल्या घासाआधीच डॉक्टरांना विचारावे.